चेंबरमधला खडखडाट

टेकडीवर पाण्याची टाकी आणि तिच्यापासून ८० मीटर खाली पाच हजार लोकांची वस्ती, असे एक गाव डोळ्यांसमोर आणा. पाण्याचा साठा दहा मीटर उंच असला की खाली एक किलोचा दाब मिळतो, हे नळकाम करणारा कुणीही सांगतो. म्हणजे वस्तीच्या वेशीवर पाणी आठ किलोच्या जोराने येते. पाणीपुरवठ्याच्या जुन्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार दुमजली घराला १२ मीटरचा दाब पुरतो. वरचा जादा जोर नुसता वाया जात नाही. तो नळाचे वॉशर खातो, गीझरचे सांधे उसवतो आणि जमिनीखालची प्रत्येक गळती वाढवतो. लोखंडी नळाला पडलेले छिद्र घेतले, तर दाब चौपट असताना त्यातून दुप्पट पाणी निघून जाते. प्लॅस्टिकच्या नळाची चीर तर दाबाने रुंदावते, त्यामुळे तिथली गळती त्याहून अधिक वाढते.

म्हणून वस्तीचा वेगळा झोन करतात आणि त्याच्या तोंडाशी दाब उतरवणारा व्हॉल्व्ह बसवतात. पाणीपुरवठ्यातली माणसे त्याला पीआरव्ही म्हणतात. हा व्हॉल्व्ह विजेवर चालत नाही. त्याच्या डोक्यात रबरी पडदा असतो आणि बाजूला पायलट नावाचा छोटा व्हॉल्व्ह. पायलटच्या स्प्रिंगवरचा स्क्रू फिरवून खालचा दाब ठरवायचा, आपल्या उदाहरणात २० मीटर. खालचा दाब त्याहून वाढू लागला की पायलट आवळतो, पडद्यावर पाणी साठते आणि मुख्य झडप खाली दबते. सकाळी सगळे नळ उघडले की ती आपोआप वर उचलली जाते.

स्टेशन म्हणजे हा व्हॉल्व्ह आणि त्याचा गोतावळा. आधी बंद करायचा व्हॉल्व्ह, मग गाळणी, मीटर, पीआरव्ही, पुन्हा बंद करायचा व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंना दाबाचे गेज आणि दुरुस्तीच्या वेळी पाणी चालू ठेवणारी वळसानळी. गाळणीत काटकसर करू नये. पायलटची नळी पेन्सिलीएवढी बारीक असते आणि वाळूचा एक कण तिला पुरे होतो.

झोन खरोखर बंद आहे का, हे आधी पाहावे लागते. रात्री दोनला स्टेशनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा आणि झोनमधले गेज बघायचे. काटा शून्यावर आला, तर ठीक. तो मध्येच थांबला, तर शेजारच्या झोनला जोडणारा एखादा विसरलेला व्हॉल्व्ह उघडा आहे, आणि तो सापडेपर्यंत पीआरव्हीला काही अर्थ नाही.

आता आवाजाकडे येऊ. दाब ८० मीटरवरून २० वर उतरताना झडपेखालच्या फटीतून पाणी सेकंदाला सुमारे ३४ मीटर वेगाने सुटते, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. इतक्या वेगात फटीतला दाब खूप खाली जातो, कधी इतका की साधे गार पाणी तिथेच वाफ होते. वाफेचे बुडबुडे पुढे सरकतात, थोडा दाब परत मिळताच फुटतात आणि फुटताना धातूवर हातोडी मारल्यासारखा बारीक घाव घालतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. असे लाखो घाव एकाच जागी पडले की ओतीव लोखंड मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसू लागते.

हे घडणार का, ते कागदावर आधी कळते. खालच्या दाबात दहा मीटर मिळवायचे (हा हवेचा भार, पाण्याच्या वाफेचा दाब वजा करून) आणि येणाऱ्या उत्तराला दोन दाबांतल्या फरकाने भागायचे. आपल्या गावात २० अधिक १० म्हणजे ३०, भागिले ६०, उत्तर ०.५. साध्या पीआरव्हीसाठी हा आकडा साधारण ०.८ च्या वर असावा. नेमकी सीमा उत्पादकाच्या तक्त्यावरून घ्यावी, कारण ती झडपेच्या घडणीवर ठरते. पाचगणीसारख्या सुमारे १३०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा भार कमी असतो. तिथे दहाऐवजी साडेआठ धरावे लागतात आणि उत्तर आणखी घसरते.

उपाय सरळ आहे. एकाच उडीत साठ मीटर न उतरता दोन पायऱ्या करायच्या. पहिला पीआरव्ही ८० चे ४५ करतो. ५५ भागिले ३५ म्हणजे जवळपास १.६. दुसरा ४५ चे २० करतो, ३० भागिले २५ म्हणजे १.२. दोन्ही निर्धास्त.

दुसरी एक वाट फारशी कुणाला सुचत नाही. स्टेशन उतारावर पंधरा मीटर खाली न्यायचे. तिथे वरचा दाब ९५ आणि खालचा ३५ होतो. फरक तोच साठचा, पण आता ४५ भागिले ६०, म्हणजे ०.७५. वरच्या घरांना पूर्वीइतकाच दाब मिळतो, फक्त नळ खाली जाऊन परत वर यावा लागतो. जागा मिळाली, तर मला हा विचार आधी करावासा वाटतो, कारण चेंबर नेहमी झोनच्या माथ्यावरच हवे असा हट्ट बऱ्याच आराखड्यांत विनाकारण दिसतो.

बसवून झाल्यावर कान लावावा लागतो, आणि तो दिवसा नाही, तर रात्री. पहाटे तीनला वस्ती झोपलेली असते, सेकंदाला वीस लिटरऐवजी दोनच लिटर वाहतात आणि झडप जेमतेम उघडी असते. लोखंडी सळईचे एक टोक व्हॉल्व्हच्या अंगाला आणि दुसरे कानामागच्या हाडाला टेकवायचे. नुसती सुरसुर असेल, तर ते वेगाने जाणारे पाणी आहे. नळातून खडी वाहते आहे असा खडखडाट आला, तर कॅव्हिटेशनचा संशय घ्यायचा. ठोके एका लयीत पडत असतील आणि गेजचा काटाही त्याच लयीत डुलत असेल, तर ते निराळे दुखणे. पडद्यावरच्या जागेत हवा अडकली आहे, किंवा इतक्या कमी प्रवाहासाठी व्हॉल्व्ह फार मोठा निवडला आहे. मोठ्या व्हॉल्व्हशेजारी रात्रीपुरता छोटा पीआरव्ही बसवला, तर हे थांबते.

खडखडाट कॅव्हिटेशनचाच का, हे ठरवायची युक्ती पायलटच्या स्क्रूत आहे. तो हळूहळू आवळून खालचा दाब २० वरून ३० मीटरवर न्यायचा. आता ४० भागिले ५०, बरोबर ०.८. इथे येईस्तोवर खडखड विरत गेली, तर निदान पक्के. आवाज जसाच्या तसा राहिला, तर सैल भाग किंवा हवा शोधायची. नंतर स्क्रू मूळ जागी आणायला विसरू नये.

आवाजाचे मापक असेल, तर व्हॉल्व्हपासून एक मीटरवरचा आकडा दर वेळी नोंदवहीत लिहावा. तो ८५ डेसिबलच्या पुढे गेला, तर व्हॉल्व्ह उघडून बघायची वेळ आलीच. शेजारच्या बंगल्यातून झोपमोडीची तक्रार आली, म्हणून चेंबरचे झाकण जाड करून भागत नाही. आवाज नळाच्या धातूतून घरापर्यंत जातो. नळ चेंबरच्या भिंतीतून जातो तिथे सिमेंटने घट्ट न बुजवता रबर घालावे लागते, पण आधी कॅव्हिटेशन थांबवूनच.

खाल्लेल्या झडपेची खूण खालच्या गेजवर सगळ्यांत आधी दिसते. वापर थांबला की निकोप व्हॉल्व्ह २० मीटरवर घट्ट मिटतो. बैठकीला खड्डे पडले असतील, तर काटा २२, ३० असा चढत पहाटेपर्यंत ६० च्या पुढे जातो. ही तपासणी करायला गेज आणि घड्याळ पुरते. रात्री एक आणि पहाटे चार, असे दोन आकडे लिहायचे.