रिपोर्ट कधी आला, पाहिला कधी?

पोटदुखीच्या रुग्णाची फाइल समजा पुढ्यात आहे. केसपेपर, नर्सिंग चार्ट, लॅबचे कागद, सगळं उलटसुलट. आधी प्रत्येक पानाला क्रमांक द्यायचा, मग तक्ता आखायचा: घटना कधी घडली, नोंद कधी झाली, पान कोणतं. पहिले दोन रकाने एक केले की घोळ झालाच. लॅबच्या कागदावर रक्त घेतल्याची वेळ रात्री ११.४०, रिपोर्टची १.१५, पांढऱ्या पेशी २२,०००. डॉक्टरांची सकाळी ६ ची नोंद म्हणते, ‘रिपोर्ट यायचा आहे’. मधले पावणेपाच तास तक्त्यातच दिसतात. मात्र रिपोर्ट छापला म्हणजे वॉर्डात पोचलाच, असं नाही. त्यासाठी वॉर्डाचं आवक रजिस्टर मागवायचं. ते मिळेपर्यंत तिथे ‘नोंद नाही’ एवढंच लिहायचं, ‘हलगर्जी’ नाही.