सकाळच्या इन्सुलिनचं दुपारचं काम

दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणाऱ्यांना कधी विचारून पाहा, सकाळचं इंजेक्शन कशासाठी? बहुतेक जण सांगतील, नाश्त्यासाठी. हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे लग्नाच्या मांडवात, एसटीच्या प्रवासात किंवा बँकेच्या रांगेत माणसं चक्कर येऊन पडतात.

आपल्याकडे ३०/७० नावाचं मिश्र इन्सुलिन खूप वापरलं जातं. त्यात दोन इन्सुलिनं आधीच एकत्र केलेली असतात. तीस टक्के भाग लवकर काम करणारा, तो अर्ध्या तासात सुरू होतो आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. सत्तर टक्के भाग संथ असतो. त्याचा जोर साधारण चार तासांनंतर वाढतो, पुढे बराच वेळ टिकतो आणि मग हळूहळू ओसरतो. म्हणजे सकाळच्या एका इंजेक्शनमधला छोटा भाग नाश्ता सांभाळतो आणि मोठा भाग दुपारच्या जेवणासाठी असतो. संध्याकाळच्या इंजेक्शनचंही तसंच, आधी रात्रीचं जेवण आणि मग रात्रभराची साखर.

एक उदाहरण घेऊ. साठीचे एक काका रोज साडेसातला २० युनिट घेतात, आठला नाश्ता करतात आणि एक वाजता जेवतात. त्या वीसमधली ६ युनिट जलद आणि १४ संथ. आज पुतण्याचं लग्न आहे, मुहूर्त साडेबाराचा. काकांनी नेहमीसारखं इंजेक्शन घेतलं, पोहे खाल्ले आणि ते कार्यालयात पोचले. मुहूर्त लांबला, मग फोटो, मग आहेर. पहिली पंगत बसायला अडीच वाजले आणि घरचे म्हणून काका दुसऱ्या पंगतीला थांबले. पोह्यांची साखर केव्हाच वापरली गेली होती, पण संथ भागाचा जोर मात्र ऐन भरात होता. त्यात सकाळपासून पाहुण्यांमागे धावपळ, आणि चालण्याफिरण्यानंही साखर खाली येतेच.

पावणेतीनला काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते कारण नसताना वाढप्यावर ओरडले. एरवी शांत असलेला माणूस असा चिडला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर घरच्यांनी आधी साखर तपासावी. मीटरवर ५४ आलं. सत्तरच्या खाली गेली की उपाय लगेच करायचा. मीटर जवळ नसेल तर तपासणीसाठी थांबू नये.

काकूंनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. ताटातला लाडू दिला नाही, हे उत्तम केलं, कारण तुपामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तर ८२. मग मात्र लगेच जेवायला बसवलं. हे जेवण टाळता येत नाही, कारण संथ इन्सुलिनचं काम अजून चालूच असतं आणि नुसती साखर फार वेळ पुरत नाही. माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

आता यातली दुसरी चूक. भुकेच्या भरात जेवण जास्त होतं, संध्याकाळी साखर २८० दिसते आणि कुणीतरी म्हणतं, चार-सहा युनिट जास्तीची घेऊन टाका. ती घेतली तर त्यातलाही सत्तर टक्के भाग संथच असतो. त्याचा जोर मध्यरात्रीनंतर चढतो, नेमका घरातले सगळे झोपेत असताना. घामानं भिजलेला सदरा, भीतिदायक स्वप्नं, सकाळी डोकं जड, ही त्याची चिन्हं. अशी शंका आली तर पहाटे तीनला एकदा साखर तपासून डॉक्टरांना आकडा दाखवावा. संध्याकाळचं इंजेक्शन घेऊन जेवण टाळलं किंवा अगदी थोडं खाल्लं, तरी हेच घडू शकतं.

लग्नाला जायचं म्हणून सकाळचं इंजेक्शनच बुडवणं हा उपाय नव्हे, तसं केलं तर दिवसभर साखर चढत राहते. काकांना एक वाजता डब्यातली पोळी-भाजी खाता आली असती. पंगतीत मग तेवढं कमी जेवायचं. एकादशीचा उपवास किंवा रमजानचा रोजा असेल, तर मात्र डबा पुरत नाही. दोन्ही वेळचे डोस किती आणि केव्हा घ्यायचे हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं लागतं, कारण मिश्रणातला एकच भाग घरी कमी करता येत नाही. ज्यांच्या जेवणाची वेळ रोजच बदलते, उदाहरणार्थ ट्रकचालक किंवा पाळीनं काम करणारे, त्यांच्यासाठी जेवणाचं आणि दिवसभराचं इन्सुलिन वेगवेगळं घेण्याची पद्धत आहे. त्यात टोचण्या वाढतात आणि सहसा खर्चही वाढतो, पण जेवण उशिरा झालं तर त्या जेवणाचं इन्सुलिनही उशिरा घेता येतं.