‘कळवतो’ म्हटल्यानंतरचा निरोप

तालुक्याच्या गावातल्या करसल्लागाराच्या ऑफिसात मुलाखत झाली की उमेदवाराच्या हाती बहुधा एकच शब्द पडतो, ‘कळवतो’. मुलाखत घेणारे, पगार ठरवणारे आणि फोन उचलणारे साहेब एकच असतात. ज्या नंबरवर आपण व्हॉट्सअ‍ॅप करणार, त्याच नंबरवर दिवसभर ग्राहकांच्या बिलांचे फोटो येत असतात. आपला नंबर त्यांच्याकडे सेव्ह नसतो. म्हणून नुसतं ‘हाय सर’ पाठवून उत्तराची वाट पाहू नये. नाव, काम, मजकूर सगळं एकाच निरोपात जावं.

समजा, बी.कॉम. झालेल्या एका मुलीने ८ तारखेला अशी मुलाखत दिली. त्याच संध्याकाळी पूर्ण नाव सांगून तिने असं लिहावं:

‘नमस्कार सर. आज दुपारी अकाउंट्सच्या कामासाठी आपल्याला भेटले होते. वेळ दिलात, आभारी आहे. आपण टॅलीतल्या खरेदीच्या नोंदींबद्दल विचारलं होतं. त्या मला येतात. जीएसटी रिटर्न मात्र मी अजून स्वतः भरलेलं नाही, शिकून घेईन. १ तारखेपासून येऊ शकते.’

यात टॅलीचा उल्लेख सर्वांत मोलाचा, कारण त्यावरून साहेबांना नेमकी ही मुलगी आठवते. ‘आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी मिळावी’ अशी उचललेली वाक्यं दोन टेबलांच्या ऑफिसात परकी वाटतात आणि कुणालाही चालतील अशी असतात. समोर ज्यांना सर म्हटलं, त्यांना निरोपातही सरच म्हणावं. दुकानदाराला काका म्हटलं असेल तर काका. पगाराची गोष्ट इथे काढू नये, ती समोरासमोरच बरी.

उत्तर आलं नाही तर पुन्हा कधी विचारायचं? इथे धंद्याचं वेळापत्रक पाहावं लागतं. दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्यांचं जीएसटीआर-१ साधारण ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत जातं. म्हणजे १० तारखेला विचारलेलं वाचलं जाईल आणि राहून जाईल. १२-१३ तारखेला एक ओळ पुरे: ‘सर, ८ तारखेला अकाउंट्सच्या कामासाठी भेटले होते. काही ठरलं का?’ किराणा दुकान असेल तर सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळून दुपारी विचारावं.

निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तर २० तारखेनंतर एकदा फोन करावा. तेव्हाही ‘बघू’ एवढंच ऐकू आलं, तर साहेब तोंडावर नाही म्हणायला संकोचताहेत असं समजून दुसरीकडे प्रयत्न सुरू करावेत. आणि ज्यांच्या ओळखीने तिथे गेलो, त्यांना मुलाखतीत काय बोलणं झालं ते त्याच दिवशी कळवावं. साहेब त्यांच्याकडे आपली चौकशी करतात, पुष्कळदा आपल्याला फोन करण्याआधीच.