तुझी जागा रिकामी

इराणमध्ये कुणी सहलीहून परतलं, कुणाच्या घरी चांगली पंगत झाली, की तिथं नसलेल्या जिवलगाला हमखास सांगतात, ‘जायत ख़ाली’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘तुझी जागा रिकामी’. पण म्हणणाऱ्याला त्यात काव्य वगैरे दिसत नाही. आपण ‘तू हवी होतीस गं’ म्हणतो, तितक्या सहज ते तोंडून निघतं. हेच शब्द इंग्रजीत जसेच्या तसे नेले की साधं बोलणं शोकगीत होऊन बसतं. फ़ारसी मुक्तछंद इंग्रजीत नेणाऱ्याची पहिली अडचण ही अशी असते. कठीण शब्द कोशात सापडतात, सोपे शब्दच फसवतात.

ही साधी बोली फ़ारसी कवितेत फार जुनी नाही. शतकानुशतकं तिथल्या गझलेत सारख्या लांबीच्या, यमकाने बांधलेल्या ओळी चालत आल्या. विसाव्या शतकात नीमा यूशीज यांनी वृत्ताचा गण ठेवला, पण ओळीची लांबी मोकळी केली. म्हणणं जिथं थांबेल तिथं ओळ थांबू लागली. पुढे अहमद शामलू यांनी वृत्तही सोडलं. अशा कवितेला तिकडे ‘शेर-ए सपीद’, म्हणजे पांढरी कविता म्हणतात. वृत्त गेल्यावर कवीच्या हाती लयीसाठी मुख्यतः दोनच गोष्टी उरतात: बोलण्याचा सूर आणि ओळ कुठे तोडायची हा निर्णय. म्हणून अनुवादात या दोन गोष्टी सांडल्या की हाती उरतो तो नुसता मजकूर.

हे नेमकं कसं घडतं ते दाखवायला मी सहा साध्या फ़ारसी ओळी जुळवल्या आहेत:

संदलीअत रा
हनूज़
कनार-ए पंजरे
गोज़ाश्ते-अम
जायत ख़ाली
बारान मीआयद

मराठीत त्या जवळजवळ त्याच क्रमाने येतात: तुझी खुर्ची / अजून / खिडकीशेजारी / ठेवलीय मी / तू असायला हवं होतंस / पाऊस येतोय. आपल्याला हे जमतं, कारण दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं. खुर्ची दिसते, ‘अजून’ ऐकू येतं, खिडकी दिसते, आणि या सगळ्यामागे कुणाचा हात आहे ते चौथ्या ओळीपर्यंत कळत नाही. फ़ारसीत तर ‘मी’ असा वेगळा शब्दही नाही. तो ‘गोज़ाश्ते-अम’च्या शेवटच्या ‘अम’मध्ये आहे. म्हणजे बोलणारा माणूस वाक्याच्या अगदी शेवटच्या अक्षरात प्रकट होतो.

इंग्रजीचं वाक्य मात्र कर्त्यापासून सुरू होतं. सरळ अनुवाद केला तर पहिला शब्दच ‘आय’: आय हॅव स्टिल केप्ट युअर चेअर बाय द विंडो. व्याकरण चोख आहे, सूरही साधा आहे, पण चार ओळींनी राखून ठेवलेली गोष्ट पहिल्याच शब्दात फुटली. आता हे वाक्य चार तुकडे करून खाली खाली लिहिलं तरी ती कविता होत नाही, कारण कुठल्याच तुकड्याच्या टोकाला वाचक कशाची वाट पाहत नाही. ओळ तोडण्यात अर्थ असतो तो तेवढ्यासाठीच.

दुसरी वाट म्हणजे फ़ारसीचा क्रम जपायचा: युअर चेअर / स्टिल / बाय द विंडो / आय हॅव केप्ट. क्रम राहिला, पण सूर गेला. कर्माला पुढे आणून क्रियापद शेवटी टाकणं ही इंग्रजीत जुन्या पद्यातली लकब आहे, आणि स्वयंपाकघरात बोलणारं कुणी असं बोलत नाही. निष्ठा म्हणून केलेला हा अनुवाद मला पहिल्यापेक्षाही जास्त खोटा वाटतो. मूळ कवितेत कुणी आवाज चढवलेला नाही, इथे तो चढला.

तिसरी वाट व्याकरण बदलण्याची आहे. फ़ारसीत कर्म असलेली खुर्ची इंग्रजीत कर्ता करायची:

युअर चेअर
इज स्टिल
बाय द विंडो
व्हेअर आय कीप इट

आता खुर्ची, ‘अजून’, खिडकी, आणि मग ‘मी’. वाचकाला गोष्टी कळण्याचा क्रम तोच राहिला, आणि वाक्य कुणीही रोज बोलेल असं आहे. शेवटच्या ओळीत ‘कीप’ऐवजी ‘लेफ्ट’ घेतलं असतं तर खुर्ची तिथं विसरून राहिल्यासारखी वाटली असती. ‘कीप’मध्ये रोजचं जपणं आहे, आणि ‘हनूज़’ला तेच हवं आहे. शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा बदलला, पण ओळ जे काम करत होती ते शाबूत राहिलं. मुक्तछंदात शब्दांपेक्षा हा क्रम जपावा, असं माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या ओळीत आणखी एक बारकावा आहे. ‘कनार-ए पंजरे’मधला ‘ए’ दोन शब्दांना जोडणारा दुवा आहे. फ़ारसी लिपीत तो बहुधा लिहीत नाहीत, वाचणारा स्वतःच भरतो. या दुव्यावर ओळ तोडली तर फ़ारसी कानाला झटका बसतो, जसा आपल्याला ‘खिडकी’वर थांबून पुढच्या ओळीत ‘शेजारी’ वाचताना बसेल. इथे झटका नाही, म्हणून इंग्रजीतही ‘बाय द’ वर थांबून ‘विंडो’ खाली ढकलू नये. दोन ओळी जितक्या अलगद किंवा जितक्या जोरात तुटल्या आहेत तितक्याच तुटायला हव्यात. फ़ारसी लिपीत मोठं अक्षर नावाची गोष्ट नाही. म्हणून प्रत्येक इंग्रजी ओळ मोठ्या अक्षराने सुरू केली की नसलेला ताठा येतो. वाक्याच्या सुरुवातीला ते पुरे.

‘बारान मीआयद’ म्हणजे अक्षरशः ‘पाऊस येतो’. मराठी माणूस इथे अडखळतच नाही. इंग्रजीत मात्र ‘रेन इज कमिंग’ म्हणजे पाऊस यायचाय. फ़ारसीत तर तो आत्ता कोसळतो आहे. म्हणून ‘इट्स रेनिंग’, आणि तेही आखूड रूपात. ‘इट इज’ असं सुटं लिहिलं की आवाजाला इस्त्री होते. फ़ारसी बोलीत बारानचं ‘बारून’ होतं, ख़ानेचं ‘ख़ूने’. शामलूंची ‘परिया’ अशा तेहरानी बोलीत आहे. पण पुष्कळ आधुनिक कवी लिखित वळणच ठेवतात, साधेपणा शब्दांच्या निवडीत येतो. त्यामुळे अनुवादकाने इंग्रजीत गल्लीची भाषा आणली तर तीही चूकच. आखूड रूपं आणि रोजचे लहान शब्द एवढ्यावर थांबावं.

उरली पाचवी ओळ. पोस्टकार्डावरचं ‘विश यू वेअर हिअर’ वापरून वापरून झिजलेलं आहे. ‘आय मिस यू’ तर भावना थेट सांगून टाकतं, आणि ‘जायत ख़ाली’ ती सांगत नाही, फक्त जागा दाखवतं. मी ‘यू शुडव्ह बीन हिअर’ घेतलं. बोलण्यात ते बसतं. पण त्यात ‘रिकामी’ हा शब्द नाही, आणि फ़ारसी वाचकाला इथे वाक्प्रचाराबरोबर खरोखरची रिकामी खुर्चीही दिसते. मग वाटलं, ‘एम्प्टी’ शब्द वर खुर्चीपाशी नेऊन ठेवावा. तसं करून पाहिलं आणि खोडलं, कारण पहिल्याच ओळीत कुणी नाही हे कळल्यावर खिडकीपर्यंत जायला कारण उरत नाही. खुर्ची रिकामी आहे हे इंग्रजी वाचकाला पाचव्या ओळीनंतर, पाऊस सुरू असताना, स्वतःच बघावं लागेल.