व्हिसा आला, आता कॅप्शन काय लिहू?

(ताज्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच.)

आजचा विषय छोटा आहे, पण खूप जणांचा फोन तिथेच अडकतो. एकदा नाकारलेला व्हिसा दुसऱ्यांदा मंजूर झाला. पासपोर्ट हातात आहे, फोटो काढून झाला, आणि खाली काय लिहायचं तेच सुचत नाही. जास्त लिहिलं तर शायनिंग वाटते, कमी लिहिलं तर ज्यांनी सोबत दिली ते राहून जातात. आणि लिहिता लिहिता खर्च, एजंट, मुलाखतीतले प्रश्न असं सगळं त्यात शिरतं.

आज आपण एकच कॅप्शन घेऊ आणि ओळीओळीने दुरुस्त करू. माझ्या मावसबहिणीचं आहे. ती शिकायला बाहेर चालली आहे. देश सांगत नाही, गरजही नाही. तिच्या परवानगीने वाचते. तिचा पहिला मसुदा असा होता:

"फायनली!!! मागच्या वर्षी रिजेक्ट झाले, लोक हसले, पण हार मानली नाही. एजंट बदलला, बँकेत जास्त पैसे दाखवले, मुलाखतीची जोरदार तयारी केली आणि व्हिसा मिळवलाच! मेहनत करणाऱ्याला यश मिळतंच. थँक्यू आई-बाबा. टिप्स हव्या असतील तर डीएम करा. आता परत कोण येतंय!"

आनंद खरा आहे, यात वाद नाही. पण पोस्ट करायच्या आधी चार गोष्टी बघू.

"मिळवला" की "मिळाला"

मराठीत एका अक्षराने सगळा सूर बदलतो. "मिळवला" म्हटलं की कर्तबगारी माझी. "मिळाला" म्हटलं की माझ्याकडे काहीतरी आलं. व्हिसाच्या बाबतीत दुसरं जास्त खरं आहे, कारण निर्णय समोरच्या खिडकीपलीकडचा असतो. सुटकेची भावना हवी असेल तर आपल्याकडे त्यासाठी फार गोड शब्द आहे: "एकदाचा". "एकदाचा व्हिसा आला." यात वाट पाहणं आहे, दमणं आहे, सुस्कारा आहे. "अखेर" म्हटलं की बातमीचा मथळा वाटतो. "फायनली" चालतं, पण त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं लागली की सुस्कारा जातो आणि फटाके राहतात.

तसंच "रिजेक्ट झाले" हा शब्दप्रयोग. बोलताना आपण सर्रास म्हणतो, पण नीट बघा: रिजेक्ट कोण झालं? तुम्ही नाही, तुमचा अर्ज. "मागच्या वर्षी नकार आला होता" एवढंच लिहा. नकार लपवायचा नाही, कारण सुटकेचं कारणच तो आहे. पण त्याला अर्ध्या वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नका. "लोक हसले" तर काढूनच टाका. ती ओळ राहिली की कॅप्शन आभाराचं न राहता हिशेब चुकता करायचं होतं, आणि मग हसणारेच ते सगळ्यात आधी वाचतात.

व्हिसा का मिळाला, हे आपल्याला तरी कुठे माहीत असतं?

आता मधली ओळ. एजंट, बँक, तयारी. पैशाचं तर सरळ आहे. ते पैसे बहुतेक वेळा आई-बाबांचे असतात, कर्ज असतं, कधी शेत किंवा दागिने गहाण असतात. ती घरातली गोष्ट आहे. आकडा लिहिला की खालच्या सगळ्या कमेंट त्या आकड्यावर जातात. आकडा नसला तरी "जास्त पैसे दाखवले" हा शब्द वाईट आहे. "दाखवले" म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, खरे नव्हते, फक्त दाखवायला आणले होते. पैसे सरळ असले तरी संशय तुम्हीच लिहून देताय.

प्रक्रियेचं थोडं वेगळं आहे. अमेरिकेचं उदाहरण घेऊ. विद्यार्थी व्हिसा नाकारला की पुष्कळदा २१४(बी) या कलमाखाली नाकारला जातो. त्याचा ढोबळ अर्थ असा की तुम्ही या व्हिसाच्या अटींमध्ये बसता, शिकून परत याल, हे अधिकाऱ्याला पटलं नाही. कोणत्या उत्तरामुळे किंवा कोणत्या कागदामुळे पटलं नाही, हे सविस्तर सांगत नाहीत. म्हणजे पहिल्यांदा नेमकं काय कमी पडलं ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि दुसऱ्यांदा नेमकं कशाने जमलं तेही नसतं. वर्षभरात तुमचा कोर्स बदलला असेल, नोकरीचा अनुभव वाढला असेल, समोरचा अधिकारी वेगळा असेल.

अशा वेळी "एजंट बदलला म्हणून झालं" हा अंदाज आहे, माहिती नाही. पण वाचणारा तो माहिती म्हणून घेतो. तुमच्या मागे रांगेत असलेला एखादा मुलगा उद्या तुमचं ऐकून एजंट बदलेल. त्याची अडचण कदाचित भलतीच असेल. म्हणून प्रक्रिया कॅप्शनमध्ये नको. कुणी विचारलंच तर "फोनवर बोलू, आणि नियम अधिकृत साइटवरच बघ, बदलत असतात" इतकं उत्तर पुरतं.

"मेहनत करणाऱ्याला यश मिळतंच" या ओळीचंही तेच. ज्या मैत्रिणीला गेल्या आठवड्यात नकार आला, तिने ही ओळ कशी वाचायची? तिने मेहनत केली नव्हती? मावसबहीण हे ऐकल्यावर थोडा वेळ गप्पच बसली. वर्षापूर्वी तिनेच कुणाचीतरी अशी ओळ वाचून फोन उलटा ठेवला होता.

गमतीची ओळ, जी गंमत राहत नाही

"आता परत कोण येतंय!" आपल्याला माहीत आहे ही मस्करी आहे. पण सोशल मीडिया फक्त मित्र वाचतात असं आता नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० या फॉर्ममध्ये २०१९ पासून गेल्या ५ वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं विचारतात. जून २०२५ मध्ये त्यांनी एफ, एम आणि जे या विद्यार्थी व एक्स्चेंज व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती पब्लिक ठेवायला सांगितलं. वर आपण बघितलं की नकाराचा मुद्दाच "शिकून परत येणार का" हा असतो. मग ती मस्करी कुणाच्या नजरेला पडू द्यायची? आणि व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमीही नाही. तिकडे उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी आत सोडायचं की नाही ते ठरवतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. कॅप्शनमध्ये गप्प राहणं वेगळं आणि फॉर्ममध्ये गप्प राहणं वेगळं. आधी व्हिसा नाकारला गेला होता का, हा प्रश्न फॉर्ममध्ये असतो. तिथे खरंच उत्तर द्यायचं. कॅप्शन ही तुमची मर्जी, फॉर्म नाही.

फोटोचंही बघा. कॅप्शन कितीही जपून लिहिलं आणि फोटोत व्हिसाचं पान उघडं असलं, तर पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार सगळं बाहेर. पानाच्या तळाशी `<<<` अशा खुणांच्या दोन ओळी असतात ना, त्या मशीनने वाचायच्या असतात आणि त्यातही तीच माहिती असते. फोनमधल्या मार्करने वरून रेघ मारली तर तो रंग कधी कधी अर्धपारदर्शक असतो. फोटोचा ब्राइटनेस वाढवला की आकडे परत दिसतात. त्यापेक्षा बंद पासपोर्टचं कव्हर छान दिसतं.

आई-बाबांना "थँक्यू" म्हणायचं कसं?

ही सगळ्यात अवघड ओळ. आपल्या घरात आभार मानायची पद्धत नाही. आईला "आभार" म्हटलं तर ती विचारेल, "बरी आहेस ना?" "ऋणी आहे" म्हटलं तर सत्काराचं भाषण वाटतं. मग काय करायचं? त्यांनी काय केलं ते सांगायचं. मोठं नाही, एकच, आणि पैशाचं सोडून.

मी मावसबहिणीला विचारलं, नकार आला त्या आठवड्यात घरात काय झालं? ती म्हणाली, आईने एकदाही "आता पुढे काय?" असं विचारलं नाही. आणि बाबा, ज्यांनी जन्मात गॅस पेटवला नव्हता, ते रोज संध्याकाळी चहा करून तिच्या टेबलावर ठेवून जायचे. साखर जास्तच. मी म्हटलं, झालं की तुझं कॅप्शन.

इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरं लिहिता येतात, पण फीडमध्ये सुरुवातीचा छोटा तुकडाच दिसतो, बाकीचं `more` मागे जातं. म्हणून पहिली ओळ आखूड आणि पूर्ण हवी. तिने शेवटी हे टाकलं:

"एकदाचा आला.

मागच्या वर्षी नकार घेऊन याच दारातून आत आले होते. त्या आठवड्यात आईने एकही प्रश्न विचारला नाही, आणि बाबांनी रोज चहा केला. फार गोड होता. मी सगळा प्यायले.

आज व्हिसा मिळाला. हा त्या चहाचा आहे.

ज्यांचं उत्तर अजून यायचंय, किंवा हवं तसं आलं नाही, त्यांची आठवण आहे."

आता मोजा. आकडा नाही, एजंट नाही, देश नाही, कुणाला टोमणा नाही. नकार आहे, पण एका वाक्यात. सुटका पहिल्या ओळीत आहे. आभार हा शब्द कुठेच नाही, तरी आभार आहेत. आणि शेवटची ओळ नकार आलेल्या माणसालाही वाचता येते. त्यात "तुझंही होईल" असं आश्वासन तिने मुद्दाम टाळलं, कारण ते तिच्या हातात नाही.

हेच व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचं असेल तर अजून आखूड करा. तिथे २४ तासच राहतं आणि बघणारे बहुतेक काका, आत्या, शेजारी. पहिली ओळ आणि चहाचं वाक्य, बस. तिने तसंच केलं. पहिला रिप्लाय आत्याचा आला: "किती खर्च आला गं?" तिने उत्तर दिलं, "आत्या, घरी ये, बाबांच्या हातचा चहा पाजते."

तुमच्याकडे असं कॅप्शन मसुद्यात पडून असेल तर पाठवा, नाव न घेता पुढच्या भागात वाचू. पासपोर्टचा फोटो मात्र नको हं! चला, भेटू.