दोन तिकिटांचा एक प्रवास : विमान बदलताना होणारे नुकसान व घ्यावयाची दक्षता

आपल्या संस्थेच्या सभासदांच्या घरांतून उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलामुलींची संख्या आता बरीच वाढली आहे. कोणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जातो, कोणी बँकेचे कर्ज काढून जातो. प्रवेश, व्हिसा, वसतिगृह ही सर्व कामे कुटुंबे काळजीपूर्वक करतात. विमानाच्या तिकिटाकडे मात्र केवळ किंमत या एकाच दृष्टीने पाहिले जाते. पुण्याहून दिल्लीचे एक स्वस्त तिकीट आणि दिल्लीहून लंडनचे दुसरे स्वस्त तिकीट वेगवेगळे काढले, तर चार-पाच हजार रुपये वाचतात असे दिसते. अशा प्रवासाला विमान कंपन्यांच्या भाषेत ‘सेल्फ ट्रान्सफर’ म्हणतात. याचा अर्थ असा की, एका विमानातून दुसऱ्या विमानात जाण्याची संपूर्ण जबाबदारी प्रवाशाची स्वतःची. ही जबाबदारी म्हणजे नेमके काय, हे प्रस्तुत लेखात पुणे-दिल्ली-लंडन या एकाच मार्गाच्या आधारे पाहू.

एक तिकीट आणि दोन तिकिटे यांतील फरक

विमानाचे तिकीट म्हणजे कंपनी व प्रवासी यांच्यातील करार होय. पुणे ते लंडन असे एकच तिकीट असेल, तर कंपनीने आपल्याला लंडनला पोहोचविण्याचे मान्य केलेले असते. पुण्याचे विमान उशिरा सुटले आणि दिल्लीचे पुढील विमान चुकले, तर पुढच्या विमानात जागा देणे हे कंपनीचे काम ठरते. तिकिटे दोन असतील, तर करारही दोन होतात. पहिल्या कंपनीने आपल्याला दिल्लीला उतरविले की तिचे काम संपले, मग ते तीन तास उशिरा का असेना. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आपण वेळेवर काउंटरवर न आलेले प्रवासी असतो. उशीर का झाला याच्याशी तिला कर्तव्य नसते.

आपल्याकडील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियमही हाच भेद करतात. विमान रद्द झाल्यामुळे पुढचे विमान चुकलेल्या प्रवाशाला भरपाई देण्याची तरतूद त्यांत आहे. पण ती दोन्ही विमाने एकाच तिकीट क्रमांकावर असतील तर. दोन तिकिटांच्या प्रवाशाला तिचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. लंडनचे तिकीट जाण्यायेण्याचे असेल आणि जातानाचे विमान चुकले, तर बहुतेक कंपन्या परतीचा प्रवासही आपोआप रद्द करतात. म्हणजे एका रात्रीच्या उशिरात दोन्ही बाजूंचे भाडे बुडू शकते.

किमान जोडवेळ म्हणजे काय?

प्रत्येक विमानतळावर एका विमानातून दुसऱ्या विमानात जाण्यासाठी कमीत कमी किती वेळ लागतो हे ठरवून दिलेले असते. देशांतर्गत विमानातून आंतरराष्ट्रीय विमानात जाण्याचा वेळ वेगळा, उलट दिशेचा वेगळा, टर्मिनल बदलायचे असल्यास आणखी वेगळा. हिला किमान जोडवेळ म्हणावे. तिच्यापेक्षा कमी अंतराची दोन विमाने कंपनीची संगणक यंत्रणा एका तिकिटावर विकतच नाही. मोठ्या विमानतळावर ही वेळ दीड तासाच्या आसपासचीही असू शकते.

येथेच गैरसमज होतो. ‘दीड तास पुरतो, मग आपल्याकडे तर चार तास आहेत’ असे विद्यार्थी म्हणतो. परंतु तो दीड तास एका तिकिटाच्या प्रवाशासाठी ठरविलेला असतो. त्याच्या सामानावर पुण्यातच लंडनची चिठ्ठी लागलेली असते आणि दोन्ही बोर्डिंग पास हातात असतात. त्याला बाहेर पडावे लागत नाही, काउंटरवर पुन्हा रांग लावावी लागत नाही. दोन तिकिटांच्या प्रवाशाला ही सर्व कामे पुन्हा करायची असतात. शिवाय त्याची मुदत विमान सुटण्याच्या वेळेशी नसून काउंटर बंद होण्याच्या वेळेशी असते. आंतरराष्ट्रीय विमानाचे काउंटर साधारणतः सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते, काही ठिकाणी ७५ मिनिटे आधी.

एक हिशेब

समजा, लोहगावहून संध्याकाळी ७.३० वाजता सुटणारे विमान दिल्लीला रात्री ९.४० वाजता टर्मिनल १ वर उतरते. लंडनचे विमान रात्री २ वाजता टर्मिनल ३ वरून आहे. मध्ये ४ तास २० मिनिटे दिसतात. आता कामे मोजू. विमानातून उतरून सामानाच्या पट्ट्यापर्यंत येण्यास २० मिनिटे, म्हणजे १० वाजले. बॅगा मिळेपर्यंत अर्धा तास, साडेदहा. टर्मिनल १ व ३ यांमधील अंतर पायी जाण्याजोगे नाही, बस किंवा टॅक्सी करावी लागते. वाट पाहण्यासह ४५ मिनिटे धरली तर ११.१५. दरवाजावर सुरक्षा जवान तिकीट व पासपोर्ट तपासतात, त्या रांगेत २० मिनिटे, ११.३५. काउंटरच्या रांगेत अर्धा तास, १२.०५. काउंटर ७५ मिनिटे आधी बंद होत असेल, तर शेवटची वेळ १२.४५. म्हणजे ४ तास २० मिनिटांतून खरी शिल्लक उरते ती फक्त ४० मिनिटांची. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे विमानाला एक तास उशीर होणे ही नित्याची बाब आहे. तेवढ्यानेच सर्व हिशेब कोलमडतो.

तारखेकडेही लक्ष असावे. ६ तारखेच्या रात्री २ वाजताचे विमान म्हणजे ५ तारखेची रात्र उलटल्यानंतरचे. पुण्याचे तिकीट चुकून ६ तारखेच्या संध्याकाळचे काढले, तर लंडनचे विमान आदल्या पहाटेच गेलेले असते.

सामानाचा प्रश्न

परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला लंडनच्या तिकिटावर पुष्कळदा २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो सामान नेता येते. पुणे ते लंडन एकच तिकीट असेल, तर हीच सवलत पुणे-दिल्ली टप्प्यालाही लागू होते. वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर मात्र साधारणपणे १५ किलोचीच मुभा असते. वरच्या ३१ किलोंचे पैसे लोहगावला भरावे लागतात. दर कंपनीनुसार बदलतो. पण किलोमागे ५०० रुपये धरले तरी १५,५०० रुपये होतात. वाचलेले चार-पाच हजार येथेच गेले व वर दहा हजार खिशातून पडले.

बॅग कुठपर्यंत जाणार हे ओळखण्याची खूण सोपी आहे. काउंटरवर बॅगेला लावलेल्या पट्टीवर तीन इंग्रजी अक्षरे मोठ्या ठशात असतात. DEL असेल तर बॅग दिल्लीलाच उतरेल व ती आपणच घेऊन पुन्हा द्यावयाची आहे. LHR असेल तर ती थेट लंडनच्या हीथ्रो विमानतळावर मिळेल. परत येताना थोडा फरक आहे. परदेशातून आलेल्या प्रवाशाला कस्टम तपासणीसाठी भारतातील पहिल्या विमानतळावर सामान घ्यावे लागते, मग तिकीट एक असले तरी. तेव्हा त्या कर्मचाऱ्याला विचारूनच पुढे जावे.

विमान भारताबाहेर बदलायचे असेल, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. बॅगा घेण्यासाठी त्या देशाच्या इमिग्रेशनमधून बाहेर यावे लागते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. तो नसल्यास अनेकदा पुण्यातील काउंटरवरच प्रवाशाला थांबविले जाते.

डिसेंबर २०२५ चा धडा

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे इंडिगो कंपनीचे वेळापत्रक विस्कटले. ५ डिसेंबर रोजी देशभरात तिची एक हजारांहून अधिक विमाने रद्द झाली आणि दिल्लीहून सुटणारी तिची सर्व देशांतर्गत विमाने मध्यरात्रीपर्यंत बंद राहिली. पुण्यातही प्रवासी अडकले. सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री ८ पर्यंत पैसे परत करण्याचा व प्रवाशांपासून दुरावलेले सामान ४८ तासांत पोहोचविण्याचा आदेश दिला. हे योग्यच झाले. परंतु परत मिळाले ते रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे. पुढचे परदेशी विमान वेगळ्या तिकिटावर, दुसऱ्या कंपनीचे असेल, तर ते रद्द झालेले नव्हते. ते वेळेवर सुटले. त्याचे भाडे परत देण्याचे बंधन त्या आदेशाने कोणावर आले नाही. अशा वेळी पहिल्या तिकिटाचे पाच-सहा हजार हातात येतात व दुसऱ्याचे पन्नास-साठ हजार जातात.

काय करावे?

पैसे भरण्यापूर्वी एजंटला एकच प्रश्न विचारावा : पुण्यापासून शेवटच्या शहरापर्यंत पीएनआर एकच आहे की दोन? संकेतस्थळावर तिकीट काढताना विशेष सावध राहावे. काही संकेतस्थळे दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे एकत्र विकतात व त्यांना स्वतःचा एक बुकिंग क्रमांक देतात. तो पीएनआर नव्हे. पानावर ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे शब्द बारीक अक्षरांत असतात, ते शोधावेत.

दोन तिकिटे काढणे अपरिहार्य असेल, तर आदल्या दिवशीच दिल्लीला पोहोचून एक रात्र तेथे काढावी. मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी विमानतळाचे नाव नीट वाचावे. सांताक्रूझचे टर्मिनल १ व सहारचे टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि २०२५ पासून नवी मुंबईचा स्वतंत्र विमानतळही सुरू झाला आहे. प्रवास विमा घेतला असल्यास विमान चुकण्याचे कलम वाचावे. पुष्कळ विम्यांत स्वतंत्र तिकिटांना संरक्षण नसते, किंवा मध्ये ठरावीक तासांचे अंतर असण्याची अट असते.

आणि पुण्यातच उशीर होतो आहे असे दिसले, तर दिल्लीला पोहोचेपर्यंत थांबू नये. दुसऱ्या कंपनीला लोहगावहूनच फोन करून तारीख बदलून घ्यावी. विमान सुटण्यापूर्वी बदल केला तर ठरलेले बदलशुल्क व भाड्यातील फरक द्यावा लागतो. सुटल्यानंतर बहुधा सर्वच भाडे जाते. पहिल्या कंपनीकडून उशिराचे लेखी प्रमाणपत्र मागून घ्यावे, विम्यासाठी व विद्यापीठाला उशिरा हजर होण्याचे कारण दाखविण्यासाठी ते लागते. विमान चुकलेच, तरी तिकिटात समाविष्ट असलेले सरकारी कर व विमानतळ शुल्क परत मागण्याचा प्रवाशाला हक्क आहे. रक्कम लहान असली तरी तिच्यासाठी अर्ज अवश्य करावा.