पावतीच्या मागची बाजू

मुहूर्त निघाला की वडील आणि काका मंगल कार्यालय गाठतात. तारीख मोकळी आहे म्हटल्यावर लगेच पैसे भरतात आणि पावती घडी घालून खिशात ठेवतात. तिच्या मागे बारीक अक्षरात ‘नियम व अटी’ छापलेल्या असतात. त्या बहुधा भांडण झाल्यावरच वाचल्या जातात. खरा करार मात्र तोच असतो. तो वाचताना प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारावा: इथे मोजणार कोण, आणि कशावरून?

समजा, भाडं १,५०,००० रुपये ठरलं. बुकिंगला ३७,५०० भरायचे, लग्नाच्या ६० दिवस आधी ७५,००० आणि ७ दिवस आधी उरलेले ३७,५००. शिवाय २५,००० अनामत. भाडं आणि अनामत हे दोन वेगळे पैसे आहेत. भाडं कार्यालयाचं होतं, अनामत आपलीच राहते. म्हणून दोन्हींच्या पावत्या वेगळ्या घ्याव्यात. ‘सगळे मिळून’ अशी एकच पावती असेल, तर परताव्याच्या वेळी त्यातली अनामत किती यावरूनच वाद होतो. हप्त्यांसाठी ‘दोन महिने आधी’ असं मोघम न लिहिता तारखा लिहून घ्याव्यात. हप्ता चुकला तर बुकिंग आपोआप रद्द होणार, की आधी कळवणार, हेही त्यातच यावं.

सर्वांत जास्त जपून वाचायचं कलम रद्द करण्याचं. घरात अचानक दुःखद घटना घडली आणि ७५ दिवस आधी लग्न पुढे ढकलावं लागलं, असं धरू. करारात लिहिलंय: ‘९० ते ३० दिवस आधी रद्द केल्यास ५० टक्के कपात.’ पण ५० टक्के कशाचे? भरलेल्या ३७,५०० चे असतील तर १८,७५० परत मिळतील. पूर्ण भाड्याचे असतील तर कपात ७५,००० ची. म्हणजे हातात काहीच नाही, उलट कार्यालय आणखी ३७,५०० मागू शकतं. ‘भरलेल्या रकमेच्या’ हे दोन शब्द नसल्यामुळे एवढा फरक पडतो.

कार्यालयाची अडचणही खरी आहे. मुहूर्ताच्या तारखा मोजक्या, आणि आपल्यासाठी त्यांनी दुसऱ्या घराला नकार दिलेला असतो. पण तीच तारीख पुन्हा दुसऱ्याला दिली गेली, तर त्यांचं नुकसान फारसं उरत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात ठरलेली भरपाई ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. म्हणून सही करण्याआधीच दोन वाक्यं हातानं लिहून घ्यावीत: तारीख दुसऱ्याला दिली गेल्यास ठरावीक किरकोळ कपात करून बाकी परत, आणि तारीख बदलली तर भरलेले पैसे नव्या तारखेला जमा.

जेवणाच्या कलमात ‘हमीची ताटं’ असतात. ४०० रुपयांच्या ताटानं ५०० ताटांची हमी दिली आणि ४३० माणसं जेवली, तरी २,००,०००च द्यावे लागतात. ७० न वाढलेल्या ताटांचे २८,००० गेले. म्हणून हमी येणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा थोडी कमी द्यावी, आणि जादा ताटाचा दर तोच राहील असं लिहून घ्यावं. ५६० जेवले तर वरच्या ६० ताटांचे २४,०००च लागतील. पंगतीत पानं मोजता येतात, बुफेत मात्र एकच माणूस दुसऱ्यांदा नवी प्लेट घेतो आणि ती दोनदा मोजली जाते. जेवण सुरू होण्याआधी आणि संपल्यावर घरातल्या एकानं व्यवस्थापकासोबत प्लेटा मोजून आकड्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. बँडवाले, फोटोग्राफर आणि ड्रायव्हर यांची ताटं त्यात धरली की नाही, हे आधीच विचारावं.

नुकसानीचे पैसे अनामतीतून कापले जातात. गाद्यांवर हळदीचे डाग, होमाखाली तडकलेली फरशी, डेकोरेटरनं भिंतीत ठोकलेले खिळे, ही नेहमीची कारणं. डेकोरेटर आपण आणला असेल तर त्याची भरपाईही आपल्याच नावावर येते. ताबा घेताना खोल्या, गाद्या, नळ आणि भिंती यांचा मोबाइलवर व्हिडिओ करावा, विजेच्या मीटरचा फोटो काढावा आणि कोणत्या वस्तूचे किती कापणार याचा छापील दरफलक मागावा. ‘नुकसानीची रक्कम व्यवस्थापन ठरवेल’ असं वाक्य दिसलं, तर ते खोडून त्याजागी दरफलकाचा उल्लेख करून घ्यावा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सामान आवरताना सगळे थकलेले असतात आणि अनामत ‘नंतर बघू’ म्हणून राहते. निघण्याआधी व्यवस्थापकासोबत तीच फेरी पुन्हा मारावी, मीटर वाचावा आणि कपातीचा हिशेब कागदावर घेऊनच किल्ल्या द्याव्यात.